खुनी आधीच ठाऊक असलेल्या गोष्टी कुठे शोधायच्या?

ओटीटीवर ‘बघण्यासारखं काही सापडत नाही’ या तक्रारीवरून पुण्यात जे वाद झडतात, ते ऐकताना मला एक गोष्ट खटकते. फिल्म सोसायटीच्या खेळानंतरचा चहा असो, सकाळची टेकडी असो की सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप, पक्ष दोनच असतात. पहिला म्हणतो, अल्गोरिदमने आपली आवड बिघडवली. ॲप बंद करा आणि चार जाणकारांना विचारा. दुसरा म्हणतो, यंत्राला आपली आवड आपल्यापेक्षा जास्त कळते. ते पुढे करेल ते बघा आणि कुरकुर थांबवा. दोघेही तावातावाने भांडतात, पण दोघांच्याही डोळ्यांसमोर असतो तो ॲप उघडल्यावर दिसणारा पहिला पडदा. त्यावर ‘थ्रिलर’, ‘ड्रामा’, ‘कॉमेडी’, ‘मराठी’ अशा ढोबळ रांगा असतात, आणि त्या रांगांनाच सगळे ॲप समजून बसलेत.

या रांगा निवड करायला जवळजवळ निरुपयोगी आहेत, हे पहिल्या पक्षाचं म्हणणं मला मान्य आहे. पण त्यावरचा उपाय ॲप बंद करणं हा नाही. प्रत्येक चित्रपटाच्या पानावर, खाली, बारीक अक्षरात उपप्रकार आणि टॅग लिहिलेले असतात. ते वाचायला शिकलं तर हवी ती गोष्ट नेमकी सापडू शकते. आणि ते आज जितके आडबाजूला ठेवलेले आहेत तितके ठेवू नयेत, अशी मागणी प्रेक्षकांनी केली पाहिजे.

हे टॅग आले कुठून? नेटफ्लिक्सच्या बाबतीत ही गोष्ट २०१४ च्या जानेवारीत उजेडात आली. ‘द अटलांटिक’ या अमेरिकी मासिकाच्या ॲलेक्सिस मॅड्रिगल या पत्रकाराच्या लक्षात आलं, की नेटफ्लिक्सच्या प्रत्येक प्रकाराच्या पानाला एक क्रमांक असतो. त्याने एकापाठोपाठ एक क्रमांक टाकत जाणारा छोटा प्रोग्रॅम लावला, आणि यादी निघाली ७६,८९७ प्रकारांची. त्यामागे माणसं होती. चित्रपट बघून नोंदी करण्यासाठी पगार घेणारे लोक, आणि त्यांना शिकवण्यासाठी ३६ पानी पुस्तिका. प्रेम किती, रक्तपात किती, शेवट सुखाचा किती, याचेही अंक ही मंडळी देत. मग त्या नोंदींतून यंत्र नावं जुळवी. प्रदेश, विशेषण, मूळ प्रकार, कशावर आधारित, कुठे घडतं, कशाबद्दल, कोणत्या वयासाठी, असे ठरलेले खण होते आणि त्यांतले दोन-तीन भरले की एक प्रकार तयार होई. ते क्रमांक अजूनही चालतात. ब्राउझरमध्ये netflix.com/browse/genre/8933 टाकलं की थ्रिलर येतात, 5505 टाकलं की मानसशास्त्रीय थ्रिलर, 9994 टाकलं की रहस्यकथा. (भारतात जो माल नाही, त्याचं पान इथे रिकामं किंवा अर्धवट उघडतं. त्यात आपली चूक काही नसते.)

खण पाडून वर्गीकरण करण्याची ही कल्पना कॅलिफोर्नियात जन्मली असं कोणाला वाटत असेल, तर त्याने एस. आर. रंगनाथन यांचं नाव आठवावं. मद्रास विद्यापीठाच्या या ग्रंथपालाने १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध केलं. त्याआधी जगभर ड्यूईची १८७६ ची दशांश पद्धत चालत होती. तिच्यात पुस्तकाला मुळात एक जागा असते. ‘ब्रिटिशकाळातील दख्खनमधला कापूसव्यापार’ हे पुस्तक इतिहासात ठेवायचं, शेतीत की अर्थशास्त्रात? कुठेही ठेवा, उरलेल्या दोघांना ते सापडत नाही. रंगनाथन यांनी प्रश्नच बदलला. पुस्तकाला एका कप्प्यात कोंबण्यापेक्षा त्याचे पैलू वेगवेगळे नोंदवायचे: कोणाबद्दल, कशाचं, काय घडतं, कुठे, कधी. वाचक ज्या पैलूने येईल, त्या पैलूने पुस्तक हाती लागावं. ‘थ्रिलर’ ही रांग ड्यूईच्या फडताळासारखी आहे आणि पानाखालचे टॅग रंगनाथनांच्या पैलूंसारखे. आपण मात्र फडताळासमोर उभं राहून ग्रंथपालाला बोल लावतो.

आता एक उदाहरण नीट सोडवून बघू. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंना ‘दृश्यम’ अतिशय आवडतो. निशिकांत कामत यांचा २०१५ चा हिंदी, गोव्यातला, दोन ऑक्टोबरच्या सत्संगाचा. मूळ मल्याळम चित्रपट २०१३ चा. काकूंना ‘तसंच काहीतरी’ हवं होतं. त्यांनी थ्रिलरची रांग उघडली तर समोर आले हेर, भुतं, आणि एकामागून एक मुडदे पाडणारा विकृत. काकू म्हणाल्या, यात दृश्यमसारखं काय आहे? काही नाही. त्या रांगेला एवढंच ठाऊक आहे की प्रेक्षकाची छाती धडधडावी. ती कशामुळे, हे तिच्या हिशेबात नाही.

मग ‘तसंच’ म्हणजे कसं, हे पैलू पाडून बघावं लागतं. कोण? साधा संसारी माणूस, पोलीस नाही की गुंड नाही. काय घडतं? हातून नकळत खून होतो आणि तो लपवावा लागतो. कुठे? लहान गावात, जिथे सगळे एकमेकांना ओळखतात. पण दृश्यमची खरी चव आणखी एका पैलूत आहे, आणि तो रंगनाथनांच्या पाच पैलूंत बसत नाही. गोष्ट कोणत्या बाजूने सांगितली आहे, हा तो पैलू. इथे खून कोणी केला हे प्रेक्षकाला सुरुवातीपासून ठाऊक असतं. ओढ लागते ती ‘कोणी केलं’ची नसते, ‘पकडले जातील का, आणि कसे’ याची असते. इंग्रजीत ही उलटी रहस्यकथा आर. ऑस्टिन फ्रीमन यांनी १९१२ च्या कथासंग्रहात रूढ केली, म्हणजे प्रकार शंभर वर्षांहून जुना आहे. ‘खुनी कोण’ची गोष्ट आणि ‘खुनी सुटतो का’ची गोष्ट या एकमेकींच्या उलट चालतात. पहिलीत प्रेक्षक पोलिसांच्या बाजूला बसतो, दुसरीत आरोपीच्या. आणि ॲपच्या रांगेत दोघी खांद्याला खांदा लावून उभ्या!

इतकं कळल्यावर टॅग कामाला येतात. आयएमडीबीवर प्रत्येक चित्रपटाच्या पानावर कथानकाचे कीवर्ड असतात, प्रेक्षकांनीच भरलेले, आणि ‘हा शब्द लागू पडतो का’ यावर लोकांनी मतंही दिलेली असतात. तिथे murder या शब्दाने शोधणं म्हणजे वेळ घालवणं. तो हजारो चित्रपटांना चिकटलेला आहे. त्याऐवजी alibi आणि cover-up हे दोन शब्द एकत्र घ्यावेत. पत्त्याच्या पट्टीत असं लिहिता येतं:

```
imdb.com/search/title/?keywords=alibi,cover-up
```

यादी एकदम आखडते. तिच्यात भाषा आणि साल यांची चाळणी लावली की उरलेली नावं माणसाने वाचण्याइतकी होतात. त्यांतलं एखादं आशादायक वाटलं की नेटफ्लिक्सवर त्या चित्रपटाचं पान उघडून खाली Genres आणि This movie is या दोन ओळी वाचायच्या. पहिली ओळ कथेबद्दल सांगते, दुसरी सुराबद्दल.

काकूंसाठी या पद्धतीने जायची जागा म्हणजे ‘जाने जान’, सुजॉय घोष यांचा २०२३ चा. कलिंपाँगसारखं डोंगरातलं गाव, एकटी आई, हातून झालेला नवऱ्याचा खून, शेजारी राहणारा गणिताचा शिक्षक, आणि दारात आलेला पोलीस. खून आपल्यासमोरच होतो. केगो हिगाशिनो या जपानी लेखकाच्या कादंबरीवरून हा चित्रपट घेतला आहे. इथे एक गंमत आहे. याच हिगाशिनोंच्या दुसऱ्या कादंबरीवरून २०२२ मध्ये ‘मोनिका, ओ माय डार्लिंग’ आला. तिथेही खुनाचा बेत आहे आणि लपवाछपवी आहे. लेखक एक, गुन्ह्याची जात जवळची, ॲपही तेच. पण सूर तिरकस विनोदाचा. काकू अर्ध्यातून उठल्या असत्या, आणि त्यांचा नातू मात्र तोच बघून खूश झाला असता. लेखकाच्या नावावरून शोधलं असतं तर हा फरक कळला नसता, रांगेवरून तर नाहीच. तो कळतो दुसऱ्या ओळीतल्या सुराच्या शब्दांवरून.

तरी सगळे टॅग सारख्या लायकीचे नसतात, आणि नवखा माणूस फसतो तो इथेच. त्याला वाटतं, जो शब्द चित्रपटाचं अचूक वर्णन करतो तो शोधायला चांगला. Suspenseful हा शब्द दृश्यमला तंतोतंत लागू पडतो. पण तो जवळजवळ प्रत्येक थ्रिलरला लागू पडतो, म्हणून शोधायला कुचकामी. केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये हे सूत्ररूपात मांडलं. जो शब्द जितक्या कमी कागदांत आढळतो, तितकं शोधात त्याचं वजन जास्त धरावं. आजही शोधयंत्रांच्या पायात हा विचार आहे. घरी ते पडताळणं सोपं आहे. टॅगवर क्लिक करा. यादी संपतच नसेल तर तो टॅग सोडून द्या. दोन-चार वेळा सरकवताच तळ लागला, तर तो धरून ठेवा. दुसरी खबरदारी अशी, की टॅग आहे यावरून काहीतरी कळतं. टॅग नाही यावरून काहीच ठरत नाही. ‘यात रक्तपाताचा टॅग नाही, म्हणजे रक्तपात नसेल’ असं समजून आईवडिलांसोबत बसणाऱ्यांचं पुढे काय होतं, ते मी सांगायला नको. आणि कीवर्डची यादी शक्यतो आपण पाहिलेल्या चित्रपटाची उघडावी. न पाहिलेल्याची उघडली तर शेवट तिथेच फुटतो, कारण भरणाऱ्यांनी सगळं भरलेलं असतं. पाहिलेल्यातून शब्द उचलायचे आणि न पाहिलेल्याकडे त्या शब्दांच्या वाटेने जायचं.

आता आक्षेप. पहिला आक्षेप रसिकांचा: कलाकृतीचे असे तुकडे पाडणं म्हणजे तिचा अपमान. यात तथ्य आहे. चांगला चित्रपट टॅगच्या बेरजेत मावत नाही. ‘कोर्ट’ला कितीही शब्द लावले तरी न्यायाधीशाच्या सहलीचं ते शेवटचं दृश्य बघताना जे वाटतं, ते कुठल्याच शब्दात येणार नाही. पण शोधणं वेगळं आणि आस्वाद घेणं वेगळं. बारीक वर्गीकरण हे यंत्रयुगाचं पाप आहे असंही नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात नाट्याचे दहा प्रकार आहेत आणि त्यांच्या व्याख्या बघण्यासारख्या आहेत. भाण म्हणजे एकाच पात्राने रंगवायचा खेळ. व्यायोग म्हणजे एका अंकाचं, एका दिवसात घडणारं, प्रसिद्ध नायकाचं, आणि ज्यात स्त्रीपात्रं मोजकीच आहेत असं नाटक. याहून सूक्ष्म प्रकार नेटफ्लिक्सने तरी काय पाडले? त्या व्याख्यांमुळे संस्कृत नाटककारांची प्रतिभा आटली, असं कोणी म्हटल्याचं ऐकलं नाही.

उलट ढोबळपणाने काय होतं ते आपल्याच गावात बघा. बोलपटांच्या सुरुवातीच्या काळात आपल्याकडे चित्रपट म्हणजे पौराणिक, ऐतिहासिक, सामाजिक किंवा स्टंटपट. प्रभात १९३३ मध्ये पुण्यात आली आणि पुढे शांतारामांनी ‘कुंकू’, ‘माणूस’ आणि ‘शेजारी’ केले, १९३७, १९३९ आणि १९४१ मध्ये. तिन्ही ‘सामाजिक’. पहिल्यात म्हाताऱ्या बिजवराशी फसवून लग्न लावलेली मुलगी ते लग्न नाकारते, दुसऱ्यात एक पोलीस शिपाई वेश्येच्या प्रेमात पडतो, तिसऱ्यात हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांच्या मैत्रीत धरणाच्या निमित्ताने फूट पाडली जाते. ‘सामाजिक’ या एका शब्दाने यांतलं काय कळतं? त्या काळी ते खपून जाई, कारण थिएटरात एका वेळी एकच खेळ असे आणि बाहेर पोस्टर लागलेलं असे. आज हजारो चित्रपट एकाच वेळी दारात उभे असताना तीच चार खणांची पद्धत चालवणं हा अडाणीपणा आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त आवडतो: नेमकं शोधत बसलं तर अवचित सापडण्याचा आनंद जातो. डेक्कनवरच्या व्हिडिओ लायब्ररीत काका भलतीच कॅसेट हातात ठेवायचे आणि ती आयुष्यभर लक्षात राहायची, असं सांगणारे अनेक भेटतात. ते खरंच असणार. पण होम स्क्रीन म्हणजे ती लायब्ररी नाही. तिथे कोणती रांग वर, त्या रांगेत कोणता चित्रपट पुढे, इतकंच काय, एकाच चित्रपटाचं कोणतं चित्र तुम्हाला दाखवायचं, हेही तुमच्या मागच्या वागण्यावरून ठरतं. अवचितपणाची जागा तिथे आधीच बुजवली गेली आहे. दुर्मिळ टॅगवरून गेलं की मात्र भाषा आणि साल ओलांडून भलत्याच देशातलं काही हाती येतं. दृश्यमवरून निघालेल्या काकू जपानी कादंबरीपर्यंत पोचल्या, हे अवचित नाही तर काय?

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि त्यापुढे मी अर्धा तरी झुकतो. टॅग लावतं कोण? कंपनी. सुराचे शब्द म्हणजे निम्मी जाहिरात असते. कुठलीही कंपनी आपल्या चित्रपटाला ‘कंटाळवाणा’ असा टॅग लावणार नाही. शिवाय यंत्राने जुळवलेल्या प्रकारांत विचित्र गोष्टी घुसतात. मॅड्रिगलने यादीतली नटांची नावं मोजली, तेव्हा वरच्या क्रमांकावर निघाला रेमंड बर, ‘पेरी मेसन’ या जुन्या अमेरिकी मालिकेतला वकील. हे कसं झालं, याचा उलगडा ती पद्धत उभी करणारे नेटफ्लिक्सचे टॉड येलिन यांनाही करता आला नाही.

मराठीची स्थिती तर आणखी हलाखीची. बहुतेक ठिकाणी ‘मराठी’ हीच एक रांग, आणि तिच्यात ‘सैराट’, ‘किल्ला’, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि काल आलेला विनोदी चित्रपट एकाशेजारी एक. वडील गेल्यावर आईच्या बदलीमुळे कोकणात आलेल्या मुलाची गोष्ट ज्याला भावली, त्याला पुढे काय द्यायचं हे त्या रांगेला माहीत नाही. ती भाषेवरून पुढचा विनोदी चित्रपट पुढे करते, आणि आपण म्हणतो, मराठीत बघण्यासारखं काही नाही.

पण यावरून टॅग वाईट ठरत नाहीत. ते अपुरे ठरतात, आणि ते एकाच पक्षाच्या हातात आहेत एवढं दिसतं. त्यावर दोन गोष्टी करता येतात. पहिली ॲपवाल्यांनी करायची. आज एका वेळी एका टॅगवर क्लिक करता येतं. दोन टॅग एकत्र धरून, तिसरा वगळून शोधता आलं पाहिजे. खण त्यांच्याकडे आहेतच, प्रकारांची नावं त्यांतूनच जुळवली जात होती. फक्त ते प्रेक्षकाच्या हाती द्यायचे आहेत. यात त्यांचा तोटा उघड आहे: नेमकं शोधणारा प्रेक्षक त्यांनी पुढे ढकललेला माल बघत नाही. म्हणून मागणीशिवाय हे होणार नाही.

दुसरी आपण करायची. आयएमडीबीवर कोणीही खातं उघडून कीवर्ड भरू शकतो. लॉ कॉलेज रस्त्यावर एकीकडे फिल्म इन्स्टिट्यूट, दुसरीकडे १९६४ पासूनचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. या गावात ‘किल्ला’ आणि ‘कुंकू’ दहादा पाहिलेली माणसं कमी नाहीत. एका फिल्म सोसायटीने महिन्याला एक मराठी चित्रपट घ्यावा आणि खेळ संपल्यावर चहासोबत त्याचे दहा शब्द ठरवून भरावेत. ‘हृदयस्पर्शी’, ‘अप्रतिम’ असले शब्द नकोत, ते कोणालाच कुठे नेत नाहीत. ‘किल्ला’ला बदली, एकटी आई, समुद्रकिनारा, शाळेतली टोळी. ‘कुंकू’ला जरठ-कुमारी विवाह, नकार, सावत्र मुलं. इराणमधला किंवा जपानमधला कोणी ‘एकटी आई’ आणि ‘समुद्रकिनारा’ हे शब्द एकत्र टाकेल, तेव्हा यादीत आपला चित्रपट आला पाहिजे. आणि त्या माणसाला मराठी येत नाही, याने तिथे काही बिघडत नाही.